‘पराभव’ संवत्सरातील विजयध्वज : पाडव्याच्या सकाळचा क्रम आणि त्यातील प्रत्येक वस्तूचे वय

१.
१९ मार्च २०२६ रोजी सुरू होणाऱ्या शालिवाहन शके १९४८ या वर्षाचे पंचांगातील नाव ‘पराभव’ असे आहे. त्याच सकाळी मराठी घरांत विजयाचा ध्वज उभारला जातो. नाव पराभवाचे आणि ध्वज विजयाचा, हा योग दर साठ वर्षांनी एकदा येतो. मग हा विजय नेमका कोणाचा, कशावरचा आणि केव्हाचा, हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

या प्रश्नाची उत्तरे पाडव्याच्या आदल्या रात्री भ्रमणध्वनीवर डझनाने येतात. रामाचे अयोध्येतील आगमन, शालिवाहनाने शकांवर मिळवलेला जय, ब्रह्मदेवाची सृष्टी, आणि अलीकडे ‘गुढी उभारूच नका’ असा निरोपही. या धाग्यात वाट थोडी निराळी आहे. गुढी उभारण्याचा सकाळचा क्रम जसा असतो तसा घ्यायचा, आणि हाताशी येणारी प्रत्येक वस्तू व प्रत्येक शब्द किती जुना आहे ते तेथल्या तेथे पाहायचे.

२. वेळ
आधी घड्याळ. चैत्र शुद्ध प्रतिपदा सूर्योदयाला असेल तो दिवस पाडव्याचा, हा साधा नियम. २०२६ मध्ये मात्र तो नियम अडखळतो. १९ मार्चला फाल्गुन अमावास्या सकाळी ६ वाजून ५३ मिनिटांच्या सुमारास संपते. मुंबई-पुण्याकडे सूर्य त्याच्या काही मिनिटे आधीच उगवलेला असतो. म्हणजे सूर्योदयाला अमावास्या आहे. दुसऱ्या दिवशीचा सूर्योदय होण्यापूर्वीच, पहाटे, प्रतिपदा संपलेली असते. कोणताच सूर्योदय न लाभलेल्या अशा तिथीला क्षयतिथी म्हणतात. अशा वेळी ज्या दिवशी प्रतिपदा नांदते तोच दिवस पाडवा धरतात, म्हणून १९ मार्च.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच, की अभ्यंगस्नान, रांगोळी आणि साहित्याची जुळवाजुळव आधी उरकावी व गुढी सातनंतर उभारावी. पाडवा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त मानला जातो. त्यामुळे त्या दिवसात आणखी वेगळा मुहूर्त शोधण्याचे कारण उरत नाही.

३. साहित्य
डोंबिवलीतील चौथ्या मजल्यावरचे एक घर उदाहरणादाखल घेऊ. अंगण नाही, आहे ती सज्जाची लोखंडी जाळी. घरात आजी, तिची सून आणि महाविद्यालयात जाणारा नातू. पाटावर काढून ठेवलेले साहित्य असे : सुमारे सहा फूट लांबीची वेळूची काठी, एक खण किंवा रेशमी उपरणे, कडुनिंबाचा मोहोरासह डहाळा, आंब्याची पाने, झेंडूचा हार, साखरेची गाठी, तांब्याचा किंवा पितळेचा छोटा तांब्या, सुतळी व नाडा, हळद-कुंकू, अक्षता, निरांजन, आणि नव्या वर्षाचे पंचांग. तांब्याच्या तोंडाचा व्यास तीन इंचांच्या आसपास असला म्हणजे सोयीचा.

४. काठी
वेळूची काठी विकत घेताना तिची पेरे पाहावीत. वरचे टोक पेराच्या लगेच वर कापलेले असावे. पेराशी बांबू भरीव असतो, त्यामुळे टोक चिरत नाही आणि त्यावर बसणारा तांब्या स्थिर राहतो. टोक दोन पेरांच्या मध्ये कापलेले असेल तर ते पोकळ राहते आणि बांधताना फाटते. काठी धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून तिला हळद-कुंकवाची बोटे लावतात.

या काठीची कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. चेदी देशाचा राजा उपरिचर वसू तपाला बसला असता इंद्राने त्याला परत राज्याकडे वळवले आणि प्रजेच्या रक्षणाचे चिन्ह म्हणून वेळूची एक यष्टी, म्हणजे काठी, दिली. वर्ष सरल्यावर राजाने ती इंद्राच्या पूजेसाठी जमिनीत रोवली. पुढे इतर राजेही गंध, माळा आणि अलंकारांनी सजवून तशी काठी उभारू लागले, असे तेथे सांगितले आहे. काठी वेळूची, सजवलेली, आणि वर्षाच्या सांध्यावर उभारलेली, इतके साम्य पाहून अनेकांनी गुढीचे मूळ तेथे शोधले आहे.

५. 
साम्य खरे आहे. पण येथे एका तारखेने सावध व्हावे लागते. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत इंद्रध्वजाचा स्वतंत्र अध्याय आहे. तो उत्सव भाद्रपदाच्या शुक्ल पक्षातला, राजाने नगरात साजरा करण्याचा, आणि ध्वजासाठी अर्जुन, औदुंबर यांसारख्या वृक्षांचे लाकूड आणण्याचा आहे. चैत्राचा तेथे संबंध नाही आणि सामान्य घराचाही नाही. म्हणून गुढी म्हणजेच इंद्रध्वज असे समीकरण मांडता येत नाही. सजवलेली काठी उभी करून तिच्यात देवतेचे वा राज्याचे बळ पाहण्याची चाल फार जुनी आहे आणि गुढी त्या कुळातली आहे, एवढे म्हणणे पुराव्याला धरून होते.

त्या अध्यायाचा एक अंश मात्र घराघरांत आजही जिवंत दिसतो. ध्वज मोडला किंवा पडला तर राजावर व राज्यावर कोणते संकट येईल, हे वराहमिहिर सविस्तर सांगतो. गुढी पडली की घरातले वडीलधारे चरकतात, ती भीती याच जातीची. चौथ्या मजल्यावर गुढी पडण्याचे कारण बहुतेक वेळा वारा आणि सैल गाठ हेच असते. ती पुन्हा घट्ट बांधणे हा त्यावरचा उपाय.

६. कापड
काठीनंतर वस्त्र. पूर्वी वाड्याच्या उंच काठीला नऊवारी लुगडे शोभत असे. सहा फुटी काठीला मात्र पूर्ण साडी बांधली की तिचे वजन एका बाजूला ओढते आणि वारा भरला की ती शिडासारखी फुगते. म्हणून खण किंवा उपरणे बरे. त्याच्या चार बोटे रुंदीच्या निऱ्या घालाव्यात, टोकापासून साधारण एक वीत खाली त्या काठीला टेकवाव्यात आणि आधी सुतळीने, मग वरून नाड्याने आवळाव्यात. सुतळी झिजते पण घसरत नाही. रेशमी नाडा दिसायला सुंदर, पण एकटा बांधला तर गुळगुळीत वेळूवरून हळूहळू खाली उतरतो. दुपारपर्यंत निऱ्या काठीच्या मध्यावर आलेल्या दिसल्या, तर दोष नाड्याचा असतो.

७. डहाळे, हार, गाठी
निऱ्यांवर कडुनिंबाचा डहाळा, त्याच्या शेजारी आंब्याची पाने, मग हार आणि शेवटी साखरेची गाठी. गाठी शेवटी बांधण्याचे कारण व्यावहारिक आहे. साखरेच्या पाकाच्या त्या माळेवर डहाळ्याचा दाब आला की पदके तुटतात आणि उरतो तो फक्त दोरा.

या वस्तूंपैकी कडुनिंबाला ग्रंथाधार आहे. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस, शके १७१२ मध्ये, धर्मसिंधू हा ग्रंथ पूर्ण केला. चैत्र शुद्ध प्रतिपदेची कृत्ये सांगताना त्यात तैलाभ्यंग, घरोघरी ध्वज उभारणे, कडुनिंबाची पाने खाणे आणि नव्या वर्षाचे फल ऐकणे ही येतात. आजची सकाळ आणि सव्वादोनशे वर्षांपूर्वीची ती यादी समोरासमोर ठेवली तर कणा तोच दिसतो. खण, गाठी, तांब्या ही त्यावर चढलेली लोकाचाराची सजावट आहे, आणि तिच्यात गावोगाव फरक आहेत.

८. तांब्या
आता तांब्या. त्यावर कुंकवाने स्वस्तिक काढून हळद-कुंकवाची पाच बोटे ओढतात आणि तो काठीच्या टोकावर पालथा घालतात. येथेच गुढी सर्वाधिक वेळा फसते. तांब्या नुसत्या वेळूच्या टोकावर ठेवला तर डुलतो. तो बसायला हवा कापडाच्या आणि डहाळ्यांच्या देठांच्या जाडीवर. म्हणून निऱ्यांचा वरचा काठ टोकाच्या थोडा वर येऊ द्यावा, म्हणजे तांब्याच्या गळ्यात कापड दाटून बसते. परीक्षा सोपी आहे : गुढी बाहेर नेण्यापूर्वी घरातच हळूच तिरकी करावी. तांब्या खुळखुळला, तर आत आणखी एक घडी सरकवावी. आवाज आला नाही, तर गुढी तयार झाली.

९. उभारणी
उंबरठ्याबाहेर, आतून बाहेर पाहताना उजव्या हाताला, पाटावर किंवा रांगोळीवर मूठभर अक्षता ठेवून त्यावर काठी टेकवावी, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. सज्जात हे जमत नाही. डोंबिवलीच्या घरात काठीचे बूड वाळूने अर्ध्याहून अधिक भरलेल्या बादलीत रोवले जाते, बादलीसमोर रांगोळी येते आणि काठी जाळीला दोन ठिकाणी बांधली जाते : एक गाठ गुडघ्याच्या उंचीवर, दुसरी खांद्याच्या. एकाच ठिकाणी बांधलेली काठी वाऱ्याबरोबर गोल फिरते. दोन गाठींनी ती फिरत नाही. टोक किंचित बाहेर झुकलेले ठेवतात, म्हणजे वस्त्र मोकळे लोंबते आणि रस्त्यावरून गुढी दिसते.

१०. संकल्प आणि वर्षाचे नाव
पूजेच्या आरंभी संकल्प असतो. त्यात पूजा करणारा आपले स्थळ आणि काळ उच्चारतो : शालिवाहन शक, संवत्सराचे नाव, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. पाडव्याला या उच्चारात एक गोष्ट बदलते. काल ‘विश्वावसू’ म्हणायचे, आज ‘पराभव’ म्हणायचे. नवे वर्ष घरात प्रथम प्रवेश करते ते या एका शब्दातून.

हे नाव कोणालाही कागद-पेन्सिलीने काढता येते. महाराष्ट्रात चालणाऱ्या गणनेत शकाच्या आकड्यात १२ मिळवायचे आणि ६० ने भागायचे. १९४८ अधिक १२ म्हणजे १९६०. त्याला ६० ने भागले की भागाकार ३२ आणि बाकी ४०. प्रभवापासून मोजत गेल्यास चाळिसावे नाव ‘पराभव’. त्याच्या आधीचे विश्वावसू, नंतरचे प्लवंग. या आधीचा पराभव शके १८८८ मध्ये, म्हणजे १९६६ च्या पाडव्याला, येऊन गेला. साठ नावांचे हे चक्र गुरू ग्रहाच्या गतीवर बेतलेले आहे. गुरूची एक फेरी सुमारे बारा वर्षांची. अशा पाच फेऱ्या म्हणजे साठ वर्षे. नाव हे यादीतला क्रम सांगते. ‘पराभव’ वर्षात पराभवच व्हावा असे त्या क्रमात काही नाही.

११. पूजा
गंध, हळद-कुंकू, अक्षता, फुले, धूप, निरांजन आणि दूध-साखरेचा नैवेद्य. पूजेत या काठीला ‘ब्रह्मध्वज’ म्हणून नमस्कार करतात. येथे विजयाचा उल्लेख नाही, सृष्टीचा आहे. ब्रह्मदेवाने चैत्राच्या पहिल्या दिवशी जग निर्माण केले, असे पुराणवचन तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने आपल्या चतुर्वर्गचिंतामणी या प्रचंड संग्रहात नोंदवले आहे. म्हणजे या तिथीला वर्षाचा, किंबहुना काळाचाच, आरंभ मानण्याची धारणा हेमाद्रीच्या काळी महाराष्ट्रात ग्रंथबद्ध झालेली होती. याच तिथीला आंध्र-कर्नाटकात उगादी आणि काश्मीरमध्ये नवरेह साजरा होतो. गुढीची काठी मात्र तेथे सर्वत्र नाही. तिथी अनेकांची सामाईक आहे, ध्वज मराठी घराचा विशेष आहे.

१२. विजय कोणाचा
आता विजयाकडे वळू. लोककथा सांगते, की पैठणच्या शालिवाहनाने मातीचे सैन्य घडवून त्यात प्राण फुंकले आणि शकांचा पराभव केला. त्या विजयापासून शालिवाहन शक सुरू झाला. कथेच्या तळाशी खरी घटना आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरात कुळातील क्षत्रप नहपान याच्या सत्तेचा अंत केला. त्याचा पुरावा नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये मिळाला. तेथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली, आणि त्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. जित राजाच्या चेहऱ्यावर जेत्याचा ठसा, असा विजयाचा याहून बोलका दस्तऐवज क्वचितच सापडतो.

त्याची आई गौतमी बलश्री हिचा लेख नाशिकच्या लेण्यांत आहे. त्यात शक, यवन, पल्हव यांचा नाश करणारा आणि क्षहरात वंश निःशेष करणारा असा मुलाचा गौरव आहे. या लेखाची तारीख लक्षपूर्वक वाचावी. ती आहे नातू पुळुमावीच्या राज्याचे १९ वे वर्ष, उन्हाळ्याचा दुसरा पक्ष, तेरावा दिवस. सातवाहन राजे असेच, ज्याच्या त्याच्या राज्यवर्षांत आणि ऋतूंच्या पक्षांत, काळ मोजत. शकांवरील विजयाचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या घराण्याने त्या विजयापासून कोणताही संवत् सुरू केल्याची खूण त्यांच्या लेखांत दिसत नाही.

१३.
मग शक संवत् कोणाचा? त्याचे उत्तर बादामीच्या तिसऱ्या लेण्यात कोरलेले आहे. चालुक्य मंगलेशाने कोरवलेला, इ.स. ५७८ चा, हा लेख. तेथे काळ सांगताना शक राजाच्या राज्याभिषेकाला ५०० वर्षे लोटली, असे म्हटले आहे. ५७८ मधून ५०० वजा केले की ७८ उरतात, म्हणजे आजच्या शकाचाच आरंभ. सहाव्या शतकातील दख्खनच्या समजुतीनुसार ही गणना शकांच्या राज्यारोहणापासूनची होती, त्यांच्या पराभवापासूनची नव्हे. क्षत्रपांच्या नाण्यांतून आणि लेखांतून चालत आलेली ही कालगणना दख्खनने स्वीकारली. ‘शालिवाहन’ हे नाव तिला पुष्कळ शतकांनंतर जोडले गेले.

यातून निघणारे चित्र मोठे विलक्षण आहे. दख्खनच्या लोकांनी शत्रूचे कालमापन ठेवले, पुढे त्याच्या अलीकडे आपल्या लाडक्या राजाचे नाव जोडले, आणि जित व जेता दोघेही ‘शालिवाहन शक’ या एकाच नावात कायमचे शेजारी बसले. संकल्पात दर वर्षी उच्चारले जाणारे ते दोन शब्द म्हणजे जोगळटेंभीच्या नाण्यासारखेच आहेत : एका ठशावर दुसरा ठसा.

१४. शब्द
आता ‘गुढी’ हा शब्द. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ.स. १२९० ची. तीत गुढी शब्द येतो. चौथ्या अध्यायात भगवंत आपल्या अवतारकार्याचे वर्णन करतात, तेथे सज्जनांच्या हातून सुखाची गुढी उभी राहण्याची कल्पना आहे. चोखामेळ्याच्या अभंगात पंढरीच्या वाटेवर गुढी आहे. ज्याला देवळाच्या आत जाऊ दिले जात नव्हते, त्याने वाटेवर उभारलेली ती गुढी आहे. दोन्ही ठिकाणी आनंद जाहीर करण्यासाठी काही उंच उभे करणे हाच अर्थ आहे, आणि तो अर्थ ऐकणाऱ्याला ठाऊक आहे असे गृहीत धरून शब्द वापरला आहे. तेराव्या-चौदाव्या शतकातील मराठी माणसाला गुढी समजावून सांगावी लागत नव्हती.

१५. शके १६१०
हे कळले, की आदल्या रात्री येणाऱ्या त्या निरोपाकडे शांतपणे पाहता येते. छत्रपती संभाजी महाराजांची हत्या औरंगजेबाच्या आज्ञेने तुळापूर परिसरात ११ मार्च १६८९ रोजी झाली. तिथी होती शके १६१० ची फाल्गुन वद्य अमावास्या, म्हणजे पाडव्याचा आदला दिवस. ही तारीख खरी आहे आणि तिचे दुःखही खरे आहे. त्यापुढचा दावा असा, की काठीवरचा पालथा तांब्या हे महाराजांच्या मस्तकाचे प्रतीक आहे आणि गुढीची प्रथा त्यानंतर लादली गेली.

या दाव्याला अडचण कालक्रमाची आहे. ज्ञानेश्वरी १६८९ च्या ३९९ वर्षे आधीची, आणि तीत गुढी सुखाची आहे. वर्षारंभ म्हणून ही तिथी हेमाद्रीकडे त्याहूनही आधी आहे. दावा उभा आहे तो तांब्याच्या आकारावरून सुचलेल्या साम्यावर. आणि आकाराचे साम्य हा पुरावा होत नाही, तसे तर आपण इंद्रध्वजाच्या बाबतीतही म्हटले आहे. एकाच मोजपट्टीने दोन्ही मोजावे लागतात.

या उत्तराची मर्यादाही सांगितली पाहिजे. ज्ञानेश्वरीतील गुढी पाडव्याची आहे असे तेथे म्हटलेले नाही. तिच्यावर तांब्या होता की नाही, हेही त्यातून कळत नाही. पाडव्याला घरोघरी ध्वज सांगणारा धर्मसिंधू १६८९ च्या शंभर वर्षे नंतरचा आहे. म्हणून आजची गुढी जशीच्या तशी यादवकालीन आहे, असे कोणी म्हणाले तर तेही पुराव्याच्या पुढे धावणे होईल. सिद्ध होते ते इतकेच : गुढीचा शब्द, तिचा आनंदाचा अर्थ आणि तिथीचा मान, तिन्ही त्या हत्येच्या पूर्वीचे आहेत.

१६.
डोंबिवलीच्या घरात हा प्रश्न पाडव्याच्या दोन दिवस आधी जेवताना निघाला.

“आजी, यंदा गुढी नको उभारायची का?” नातवाने विचारले. “महाराजांना मारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आपण सण करतो, हे बरं वाटत नाही.”

“बरं वाटत नाही, ते तुझं खरंच आहे बाळा,” आजी म्हणाल्या. “मग अमावास्येला संध्याकाळी महाराजांच्या तसबिरीपुढे दिवा लाव, त्या दिवशी घरात गोड करू नकोस. पण माझ्या आजेसासूबाई गुढी उभारत होत्या, त्या काही कोणाच्या मरणाचा आनंद म्हणून नव्हे. त्यांचं केलं आपण खोटं ठरवायचं, तर आधी नीट वाचून तरी बघ.”

सुनेने मध्ये एवढेच म्हटले, “दिवा मी लावीन. काठी तू आण, गेल्या वर्षीची टोकाला चिरली आहे.”

त्या घराने काढलेला मार्ग इतिहासाच्या दृष्टीनेही रास्त आहे. दोन लगतच्या तिथींना दोन वेगळ्या आठवणी आहेत. एकीचा मान राखण्यासाठी दुसरीची उत्पत्ती बदलण्याची गरज पडत नाही.

१७. रामाची कथा
राहता राहिली रामाच्या आगमनाची कथा. वाल्मीकींच्या युद्धकांडात चौदा वर्षे पूर्ण झाली त्या पंचमीला राम भरद्वाजांच्या आश्रमात पोहोचल्याचे सांगितले आहे. अयोध्येचा प्रवेश त्यानंतरचा. तेव्हा वाल्मीकींच्या शब्दांवरून प्रतिपदा निघत नाही. परंतु पाडव्यापासून रामनवमीपर्यंत चालणारे चैत्रातील नवरात्र महाराष्ट्रात रामाच्या नावाने गाजते, आणि त्याच्या पहिल्याच दिवशी उभी राहिलेली गुढी रामाची वाटावी, हे स्वाभाविक आहे. येथे कथा उत्सवाच्या मागून आली, आणि लोकांना ती आपली वाटली.

१८. कडुनिंबाचा घास
पूजेनंतर पहिला घास कडू असतो. पाच माणसांसाठी कडुनिंबाची दहा-बारा कोवळी, तांबूस पाने आणि चमचाभर मोहोर पुरतो. त्यात दोन चमचे भिजवलेली हरभऱ्याची डाळ, सुपारीएवढा गूळ, थोडी चिंच, चिमूटभर ओवा, जिरे, हिंग, तीन-चार मिरी आणि मीठ घालून वाटावे. जून, गडद हिरवी पाने घेतली की चटणी इतकी कडू होते, की मुले थुंकून टाकतात. गूळ वाढवूनही ती सुधारत नाही. हा घास घेत घेत पंचांगातील नव्या वर्षाचे फल वाचायचे, हा धर्मसिंधूतील क्रम. मग श्रीखंड किंवा पुरणपोळी.

१९. उतरवणे
सूर्यास्तापूर्वी गुढीला पुन्हा हळद-कुंकू वाहून, गूळ किंवा साखर दाखवून ती उतरवतात. बांधली त्याच्या उलट क्रमाने ती सुटते : आधी तांब्या, मग गाठी, हार, डहाळे आणि अखेरीस वस्त्र. गाठी मुलांत वाटतात. कडुनिंबाची पाने सावलीत वाळवून धान्याच्या डब्यात घालतात, कीड लागू नये म्हणून. काठी पुसून आडवी ठेवतात. ओल्या भिंतीला उभी टेकवली तर तिला वर्षभरात भुंगा लागतो.

पाटावर शेवटी उरते ते पंचांग. त्याच्या पहिल्या पानावर शके १९४८, पराभवनाम संवत्सर असे छापलेले असते, आणि उद्यापासूनच्या प्रत्येक पूजेत, प्रत्येक मंगलाष्टकाच्या पत्रिकेत, पुढच्या पाडव्यापर्यंत तेच नाव लिहिले जाणार असते.